नव्वद अंशांत दहा मिनिटे, दहा अंशांत दोन

१७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात चार्ल्स ब्लॅग्डेन नावाच्या डॉक्टरांनी एका विचित्र प्रयोगाची हकीकत छापली. जॉर्ज फोर्डाइस या त्यांच्या सहकाऱ्याने भट्टीसारख्या तापवलेल्या खोल्या तयार केल्या होत्या. त्या खोल्यांत ब्लॅग्डेन, निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स आणि आणखी काही मंडळी जाऊन बसली. पारा चढत चढत २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या मापाने सुमारे १२७ अंश सेल्सियसपर्यंत गेला. ब्लॅग्डेन तिथे आठ मिनिटे थांबले आणि धडधाकट बाहेर आले. त्याच खोल्यांत ठेवलेली अंडी उकडून कडक झाली, मांसाचा तुकडा शिजला. घड्याळाच्या साखळ्या इतक्या तापल्या की त्यांना हात लावता येईना.

शंभर अंशांना पाणी उकळते, मग १२७ अंशांत माणूस कसा टिकला? आज पुण्या-मुंबईच्या क्लबांत, हॉटेलांत आणि जिममध्ये सॉनाचे दार उघडताना आतल्या थर्मामीटरवर ८५ वाचून दचकणाऱ्याच्या मनातही हाच प्रश्न असतो. उत्तर तीन गोष्टींत आहे: हवा किती कोरडी आहे, आत किती वेळ काढला आणि घामाला वाळायला वाव मिळाला की नाही. थर्मामीटर यातले काहीच सांगत नाही.

गरम हवा अंगाला उष्णता देते, पण फार हळू. हवा विरळ असते, तिच्यात उष्णतेचा साठा थोडा असतो. त्वचेलगतचा हवेचा पातळ थर शरीरामुळे निवतो आणि बाहेरच्या गरम हवेला थोडे थोपवून धरतो. त्यात घाम सुटतो आणि कोरड्या हवेत तो भराभर वाळतो. वाळताना तो त्वचेची उष्णता घेऊन जातो. सॉनात बसल्यावर काही मिनिटांत त्वचा ४० अंशांच्या आसपास पोचते आणि तिथेच रेंगाळते. धातूला हा घाम नाही, शिवाय तो उष्णता झटकन हाताला देतो. म्हणून ब्लॅग्डेन शाबूत राहिले आणि साखळी भाजू लागली. सॉनात जाण्याआधी मंगळसूत्र, अंगठ्या, बांगड्या, गळ्यातली चेन काढून ठेवायची ती याचसाठी.

सॉनाचे घर फिनलंड. पंचावन्न लाखांच्या आसपास लोकसंख्या आणि सॉना सुमारे तीस लाख असा तिथला हिशेब सांगतात. युनेस्कोने २०२० मध्ये फिनलंडच्या सॉना परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. तिथली रीत साधी आहे. लाकडी खोली, कोपऱ्यात तापलेल्या दगडांची शेगडी आणि पायऱ्यांसारखी चढत जाणारी लाकडी बाके. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर हवा ८० ते १०० अंश असते, पण जमिनीलगत बरीच कमी. आर्द्रता जेमतेम १० ते २० टक्के. एक खेप साधारण पाच ते वीस मिनिटांची, मग बाहेर येऊन निवायचे आणि वाटले तर पुन्हा आत.

मधूनमधून कोणीतरी पळीने दगडांवर पाणी टाकतो. खोलीत गरम लाट पसरते, कान आणि खांदे चटकतात. थर्मामीटर मात्र जागचा हलत नाही. तापमान तेच असताना चटका वाढला, तो हवेतल्या वाफेमुळे. इथेच सॉनाचे खरे गणित सुरू होते.

हवेत वाफेचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की घाम वाळायचे थांबते. आणखी वाफ झाली की उलटेच घडते. ४० अंशांची त्वचा ही त्या हवेच्या मानाने थंड असते, म्हणून वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. वाळताना घाम जी उष्णता घेऊन जाई, तीच उष्णता आता वाफ त्वचेला देऊ लागते. सुमारे दहा घनमीटरच्या, म्हणजे एका लहान सॉनाएवढ्या खोलीत ही पाळी यायला अर्धा लिटरच्या आसपास पाण्याची वाफ पुरते. एरवी फटींतून आणि झरोक्यांतून वाफ लवकर निघून जाते. म्हणून पळीभर पाण्याची लाट मिनिटभरात ओसरते, आणि शहाणा फिनिश माणूस ती ओसरू देतो, मगच पुढची पळी उचलतो.

ती ओसरू दिली नाही तर काय होते, ते फिनलंडच्याच हेनोला गावाने पाहिले. तिथे १९९९ पासून सॉनात सर्वांत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे. खोली ११० अंशांना तापवायची आणि दर तीस सेकंदांनी दगडांवर अर्धा लिटर पाणी सोडायचे, असा नियम. म्हणजे मिनिटाला एक लिटर. सहा मिनिटांत सहा लिटर पाण्याची वाफ, मध्ये उसंत नाही. ७ ऑगस्ट २०१० च्या अंतिम फेरीत रशियाचे साठीतले व्लादिमिर लादिझेन्स्की आणि पाच वेळा विजेते ठरलेले फिनलंडचे तिमो कौकोनेन हे दोघेच उरले. सुमारे सहा मिनिटांनी दोघांनाही ओढून बाहेर काढावे लागले. लादिझेन्स्की दगावले. कौकोनेन यांचे अंग गंभीर भाजले होते, श्वासमार्गही पोळला होता. कित्येक आठवडे ते रुग्णालयात बेशुद्धावस्थेत ठेवले गेले.

ब्लॅग्डेन यांची खोली हेनोलापेक्षा सतरा अंशांनी अधिक गरम होती आणि ते दोन मिनिटे अधिक बसले होते. तरी ते सुखरूप राहिले, कारण त्यांची हवा कोरडी होती आणि त्यांना बाहेर पडायला कोणाशी बरोबरी करायची नव्हती. लादिझेन्स्की यांनी तीव्र वेदनाशामके घेतली होती आणि त्वचेवर बधिर करणारे मलम लावले होते, असे नंतर उघड झाले. सॉनात शरीर ‘आता पुरे’ हे वेदनेतूनच सांगते. तो आवाज औषधाने, दारूने किंवा ईर्षेने बंद केला की आकडे कितीही पाठ असले तरी उपयोग नाही. फिनलंडमधल्या सॉनातल्या मृत्यूंची न्यायवैद्यकीय तपासणी झाली तेव्हा जवळपास निम्म्या प्रकरणांत मृत व्यक्ती दारूच्या अमलाखाली असल्याचे दिसले. बिअरचा डबा हातात घेऊन सॉनात शिरणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे सॉना आणि स्टीम रूम यांत सर्रास गल्लत होते. स्टीम रूममध्ये तापमान ४५ अंशांच्या आसपास असते, पण हवा वाफेने गच्च भरलेली असते. तिथे अंगावरून ओघळणाऱ्या पाण्यात घाम किती आणि थेट वाफेचे झालेले पाणी किती, हे सांगता येत नाही. म्हणून ४५ अंशांची स्टीम ८५ अंशांच्या कोरड्या सॉनाइतकीच दमवते. ‘स्टीममध्ये निम्मेच तापमान आहे, तेव्हा दुप्पट वेळ बसू’ हा हिशेब करू नये. आणखी एक गोष्ट. आपल्या अनेक जिममधले विजेचे हीटर पाणी टाकण्यासाठी बनवलेले नसतात. तिथे ‘पाणी टाकू नये’ अशी पाटी असेल तर ती विजेच्या धोक्यासाठी आहे.

मग नवख्याने किती वेळ बसावे? ७० ते ८० अंश, खालचे बाक आणि पाच ते आठ मिनिटे, ही चांगली सुरुवात. चार-सहा वेळा जाऊन सवय झाली की ८० ते ९० अंशांत दहा ते पंधरा मिनिटांपर्यंत जायला हरकत नाही. दोन खेपांमध्ये निदान दहा मिनिटे बाहेर बसावे, दोन-तीन खेपा पुरे. वीस मिनिटांच्या पुढे सलग बसून काही खास मिळते असे दिसत नाही, शरीराचे आतले तापमान मात्र चढत जाते. निरोगी माणसाचे ते एका खेपेत साधारण एका अंशाने वाढते, नाडी भराभर चालल्यासारखी शंभराच्या वर जाते, कधी दीडशेलाही टेकते. एका बैठकीत अर्धा लिटरच्या आसपास घाम जातो, तेव्हा बाहेर आल्यावर तेवढे पाणी प्यावेच.

घड्याळापेक्षा लवकर उठायची वेळ कशी ओळखायची? डोके दुखू लागणे, मळमळ, छातीत धडधड, विचारांत गोंधळ, आणि सर्वांत फसवे लक्षण म्हणजे एवढ्या उष्णतेत अंगावर काटा येणे. यातले एक जरी दिसले तरी उठायचे, पण झटक्यात नाही. उष्णतेने पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. एकदम उभे राहिले की रक्त खाली उतरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि समोर तापलेली शेगडी असते. शेवटची दोन मिनिटे खालच्या बाकावर पाय सोडून बसावे, मग सावकाश दार गाठावे.

सॉनाचे फायदे सांगताना कुओपियो शहराच्या परिसरातल्या अभ्यासाचा दाखला हमखास येतो. मध्यम वयाच्या २,३१५ पुरुषांवर तिथे सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवले होते आणि निष्कर्ष २०१५ मध्ये छापले गेले. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू होण्याचे प्रमाण आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. पण त्या माणसांच्या सॉनाचे सरासरी तापमान ८० अंशांच्या जरा खालीच होते. शिवाय जो माणूस रोज सॉना घेऊ शकतो तो मुळात ठणठणीत असण्याचीही शक्यता असते. या अभ्यासातून ११० अंशांची हौस सिद्ध होत नाही.

आता बर्फाच्या पाण्याकडे वळू. इथे गणित उलटे आहे. सॉनात धोका मिनिटागणिक वाढत जातो. थंड पाण्यात तो पहिल्याच मिनिटात सर्वांत मोठा असतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता शोषते. अंग एकदम गार पाण्यात गेले की त्वचा काही सेकंदांत थंड होते आणि माणसाच्या इच्छेविरुद्ध एक मोठा हुंदक्यासारखा श्वास आत ओढला जातो. पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातले माइक टिप्टन यांनी या ‘कोल्ड शॉक’चा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. हा झटका अर्ध्या मिनिटात शिखराला पोचतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. एरवी मिनिटभर श्वास रोखू शकणाऱ्याला त्या क्षणी दहा सेकंदही तो रोखता येत नाही. त्या पहिल्या श्वासाच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर माणूस गारठून नव्हे, बुडून मरतो. मोठ्या पिंपातही हे होऊ शकते.

त्यात चेहरा बुडाला की आणखी एक घोळ होतो. त्वचेच्या गारठ्याने हृदयाला ‘वेग वाढव’ असा निरोप जातो. चेहरा पाण्यात जाऊन श्वास थांबला की दुसऱ्या मज्जातंतूवाटे ‘वेग कमी कर’ असा निरोप येतो. दोन्ही निरोप एकदम पोचले की हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून नवख्याने डोके बुडवू नये, उडी तर मुळीच मारू नये. पाय, मांड्या, कंबर, मग छाती असे उतरावे आणि पूर्ण वेळ लक्ष श्वास लांब सोडण्यावर ठेवावे. पाण्यात शिरण्याआधी भराभर श्वास घेण्याचे प्रकार काही जण करतात. त्याने पाण्यातच शुद्ध हरपू शकते. ते जमिनीवर, पाण्यापासून दूर करावेत.

हा झटका १० ते १५ अंशांतच जवळपास पुरा बसतो. पाणी त्याहून गार केल्याने तो त्या मानाने फारसा वाढत नाही. म्हणजे नवख्याला दोन अंशांच्या पाण्यात जाण्याचे काही कारणच नाही. पंधरा अंशांत एक-दोन मिनिटे हा पहिला धडा. चांगली बातमी ही, की शरीर लवकर शिकते. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडींनंतर हा झटका जवळपास निम्म्यावर येतो. त्यानंतर १० ते १५ अंशांत पाच मिनिटांपर्यंत जाता येईल. खेळाडू सामन्यानंतर याच तापमानात दहा-पंधरा मिनिटे बसतात, ते देखरेखीखाली. पाच अंशांखालचे पाणी मुरलेल्यांसाठी, तेही अर्धे ते एक मिनिट. तलावावरचा बर्फ फोडून उतरणारे फिनिश लोकही बहुधा एवढ्यातच बाहेर येतात.

मुंबईच्या एखाद्या गच्चीवर हे प्रत्यक्षात कसे होते ते पाहू. दोनशे लिटरचे निळे पिंप आहे. माणूस आत बसला की साठ-सत्तर लिटर जागा तोच व्यापतो, म्हणून पाणी १३० लिटरच भरायचे. नळाचे पाणी २६ अंश आहे असे धरू. ते पंधरावर आणायचे तर ११ अंश उतरवायचे, म्हणजे १,४३० किलोकॅलरी उष्णता काढायची. एक किलो बर्फ वितळताना ८० आणि वितळलेले पाणी पंधरापर्यंत तापताना १५, मिळून ९५ किलोकॅलरी शोषतो. तेव्हा सुमारे १५ किलो बर्फ लागेल. दहा अंश हवे असतील तर सुमारे २३ किलो. बर्फ फोडून टाकायचा, ढवळायचा, पूर्ण वितळू द्यायचा आणि मग थर्मामीटर मध्यापर्यंत बुडवून पाहायचे. बर्फाचे तुकडे तरंगत असतील तर ‘पंधरा अंश’ हा निव्वळ अंदाज असतो, कारण पाण्याचे तापमान सगळीकडे सारखे नसते आणि ते अजून उतरत असते. व्हिडिओंत दिसणारी, बर्फाने काठोकाठ भरलेली पिंपे दिसायला झकास. त्यांतल्या पाण्याचे तापमान मात्र कोणी मोजलेले नसते. बाजारातला बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असतो असेही नाही, तेव्हा ते पाणी तोंडात जाऊ देऊ नये.

पिंपाची खरी अडचण बाहेर येताना कळते. कॅनडातले मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त बर्फाळ पाण्यात पडणाऱ्यांसाठी एक-दहा-एक असा आडाखा सांगतात: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात, आणि एक तास शुद्ध हरपायला. म्हणजे गारठून बेशुद्ध होण्याच्या कितीतरी आधी बोटांची पकड जाते. उंच पिंपाच्या काठावरून स्वतःला वर उचलायला नेमकी तीच पकड लागते. बोटे जुळेनाशी झाली, बोलणे जड झाले किंवा कापरे सुरू झाले की निघायची वेळ टळून गेली असे समजावे. पिंपाबाहेर आणि आत पाय ठेवायला भक्कम स्टूल हवे, आणि शेजारी एक जागता माणूस.

बाहेर आल्यावरही दहा-वीस मिनिटे शरीराचे आतले तापमान उतरत राहते. म्हणून अंग पुसून लगेच कोरडे कपडे, टोपी, मोजे, गरम चहा. कडकडीत पाण्याच्या शॉवरखाली धावू नये. आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडल्या की चक्कर येते. गाडीही लगेच चालवू नये.

आठवड्याला एकूण अकरा मिनिटे गार पाणी, हा मंत्र सध्या फिरतो आहे. त्याचे मूळ २०२१ मधल्या एका डॅनिश अभ्यासात आहे. त्यात थंडीत पोहणारे अवघे आठ पुरुष होते आणि अकरा मिनिटे ही त्यांची सवय होती. तो काही औषधाचा डोस नव्हे. आणि दंड कमावण्यासाठी वजने उचलणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे, की प्रत्येक व्यायामानंतर दहा अंशांत दहा मिनिटे बसणाऱ्या तरुणांचे स्नायू बारा आठवड्यांत न बसणाऱ्यांपेक्षा कमी वाढले, असे २०१५ मधल्या एका प्रयोगात दिसले. दुखणे कमी होते हे खरे, पण स्नायू वाढवणारी प्रक्रियाही मंदावते.

सॉनातून उठून थेट बर्फात बुडी, ही जोडी सर्वांत आकर्षक आणि सर्वांत जपून करण्याची. उष्णतेने सैलावलेल्या रक्तवाहिन्या क्षणात आवळतात, रक्तदाब झेप घेतो. मध्ये चार-पाच मिनिटे मोकळ्या हवेत बसावे, तांब्याने पायांवर, हातांवर, मग खांद्यांवर गार पाणी घ्यावे आणि त्यानंतर उतरावे.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, छातीत कळा येतात, हृदयाची झडप अरुंद आहे किंवा ठोक्यांत अनियमितता आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, अशांनी डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय दोन्हींपासून लांब राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना सॉनानंतर भोवळ येण्याची शक्यता जास्त असते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, शरीराचे तापमान चढवणे टाळावे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना चटकाही कळत नाही आणि गारठाही. अपस्मार असलेल्यांनी पाण्याच्या पिंपात उतरूच नये. आणि जिमच्या चालकांना एक सांगणे: सॉनाच्या आत डोक्याच्या उंचीवर थर्मामीटर, दाराबाहेर घड्याळ आणि पिंपाशेजारी एक माणूस, एवढे नसेल तर ती सोय बंद ठेवा.